बोल्टची लांबी कशी ठरवावी: ग्रिप, वॉशर, नट आणि बाहेर दिसणारे आटे

नट घट्ट बसला होता. पाना पुढे सरकत नव्हता, टॉर्क रेंचनेही ठरलेल्या आकड्यावर टिक केले होते. आणि तरीही नटाखालचा वॉशर मी बोटाने गोल फिरवू शकत होतो. कंप पावणाऱ्या एका मशीनच्या पायाला असे आठ बोल्ट होते, त्यातल्या पाचांचे वॉशर फिरत होते. बोल्ट चांगल्या प्रतीचे, नट नवे, आटे स्वच्छ. चूक फक्त लांबीत होती, आणि गंमत म्हणजे बोल्ट आखूड नव्हते, जास्त लांब होते.

तोवर माझी समजूत अशी की बोल्ट आखूड पडला तर धोका, लांब झाला तर फार तर दिसायला वाईट. ती कशी चुकीची आहे आणि लांबी नेमकी कशी काढायची, ते त्याच सांध्याचे आकडे घेऊन सांगतो. हा लेख आरपार भोकात बसणाऱ्या, पलीकडून नट लागणाऱ्या षट्कोनी डोक्याच्या मेट्रिक बोल्टपुरता आहे. आटे पाडलेल्या बंद भोकात बोल्ट जातो तिथला हिशेब वेगळा असतो. तिथे नट नसतो आणि बोल्ट भोकाच्या तळाला टेकण्याची भीती असते.

काय जवळ हवे

- सांध्याचे ड्रॉइंग, आणि ड्रॉइंगनंतर जागेवर काय बदलले त्याची नोंद
- व्हर्निअर कॅलिपर, मागून पातळ दांडी बाहेर येणारा
- प्रत्यक्ष वापरायचा एक नट आणि एक वॉशर, हातात
- पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, मोजायला पिच गेज (नसेल तर दहा आट्यांचे अंतर पट्टीने मोजून दहाने भागले तरी भागते)
- एकदोन सी क्लॅम्प
- बोल्ट बनवणाऱ्याचा तक्ता. त्यात उपलब्ध लांब्या आणि आट्यांच्या भागाची लांबी या दोन्ही असल्या पाहिजेत

१. ग्रिप मोजा, तीही आवळलेल्या अवस्थेत

ग्रिप म्हणजे बोल्टचे डोके आणि नट यांच्यामध्ये जे जे दाबले जाते त्याची एकूण जाडी. काही तक्त्यांत वॉशर ग्रिपमध्येच धरलेले असतात, काहींत नसतात. मी वेगळे धरतो, कारण वॉशर बदलले तर फक्त तोच आकडा बदलावा लागतो. तुम्ही कसेही धरा, पण एकदाच धरा. दोन्हीकडे मोजले की बोल्ट एका मापाने मोठा निघतो.

आमच्या सांध्यात ड्रॉइंगप्रमाणे २० मिमीची प्लेट आणि १२ मिमीची फ्लॅट पट्टी होती. म्हणजे ३२. पण मशीन लेव्हल करताना जागेवर मधे ३ मिमीचे पॅकिंग घातले गेले, त्याची नोंद ड्रॉइंगवर कोणी केली नाही. खरी ग्रिप ३५ होती.

म्हणून कागदावरच्या बेरजेवर थांबू नका. सांधा क्लॅम्पने आवळा, व्हर्निअरची मागची दांडी भोकातून घाला आणि आरपार जाडी मोजा. भोकाच्या काठावर बर, म्हणजे भोक पाडताना उरलेली धारदार कड, असेल तर आधी कानशीने काढा, नाहीतर माप अर्धा मिलिमीटर फसवते. हे माप आणि सुट्या तुकड्यांची बेरीज जुळत नसेल तर दोनच शक्यता: मधे तुम्हाला माहीत नसलेले काही आहे, किंवा प्लेटा वाकड्या असल्याने एकमेकींना टेकत नाहीत. दुसऱ्या प्रकारात बोल्ट आधी त्या प्लेटा ओढून जवळ आणणार आणि मग दाबणार. सुरुवातीला नटाला पकड मिळावी एवढी लांबी तर हवी, पण त्यासाठी कायमचा लांब बोल्ट घेऊ नका. क्लॅम्पने प्लेटा जवळ आणा आणि हिशेबाचा बोल्ट घाला.

मधे गॅस्केट असेल तर ते दबल्यानंतरची जाडी धरा. चॅनेलच्या उतरत्या पंखावर पाचरीसारखा वॉशर लागतो, तिथे पंख आणि वॉशर दोघांचीही जाडी भोकाच्या मध्यरेषेवर मोजा, काठावर नाही. रंगाचे साधे थर लांबीच्या हिशेबात फारसे येत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

२. वॉशर मोजा, दोन्ही बाजूंचे

आमचे बोल्ट एम १६, म्हणजे १६ मिमी व्यासाचे होते. एम १६ चा साधा सपाट वॉशर ३ मिमी जाडीचा असतो. आमच्याकडे एक डोक्याखाली आणि एक नटाखाली, म्हणजे ६. ग्रिप ३५ अधिक वॉशर ६, एकूण ४१ मिमी. या आकड्याला मी पुढे ‘थर’ म्हणणार आहे, कारण पुढचे सगळे याच्यावर उभे आहे. डोक्याच्या खालच्या बाजूपासून नटाच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर, तो थर.

नवख्यांकडून इथे हमखास सुटतो तो डोक्याखालचा वॉशर. नटाखालचा डोळ्यासमोर असतो, दुसरा पलीकडे लपलेला. स्प्रिंग वॉशर वापरत असाल तर तो उघडा असतानाची उंची मोजू नका. आवळल्यावर तो सपाट होतो, तेव्हा त्याच्या पट्टीची जाडीच धरायची.

३. नट हातात घेऊन मोजा

‘नटाची उंची साधारण बोल्टच्या व्यासाइतकी’ असे सांगणारे बरेच भेटतात. साध्या षट्कोनी नटाला ते थोडे जास्त धरले जाते, नायलॉन रिंगच्या उंच नटाला मात्र कमी पडते. एम १६ चा साधा नट १४.८ मिमीपर्यंत असतो. नायलॉन रिंगचे नट, ज्यांना सगळे नायलॉक म्हणतात, दोन उंच्यांत मिळतात: एक बुटका, १६ मिमीचा, आणि एक उंच, १९ मिमीच्या आसपासचा. दोघांना एकाच नावाने मागितले जाते. ३ मिमीचा हा फरक म्हणजे एम १६ चे दीड आटे.

नेहमीच्या मापांसाठी मी भिंतीवर लावलेला छोटा तक्ता असा आहे. सगळे आकडे मिमीमध्ये, जाड पिचच्या म्हणजे नेहमीच्या आट्यांसाठी:

| माप | पिच | सपाट वॉशर | साधा नट | हाफ थ्रेडमध्ये आट्यांचा भाग (१२५ पर्यंतची लांबी) |
|---|---|---|---|---|
| एम १० | १.५ | २ | ८.४ | २६ |
| एम १२ | १.७५ | २.५ | १०.८ | ३० |
| एम १६ | २ | ३ | १४.८ | ३८ |
| एम २० | २.५ | ३ | १८ | ४६ |

शेवटचा रकाना आत्ता बाजूला ठेवा. आमच्या मशीनच्या पायाचे सगळे रामायण त्याच रकान्यात होते, पण तिकडे सहाव्या पायरीला जाऊ.

४. नटाबाहेर किती आटे हवेत

बोल्टचे टोक नटाच्या तोंडाशी सपाट आले म्हणजे झाले, असे वाटते. पण बोल्टचे टोक नीट पाहा. नट सहज चढावा म्हणून ते तासलेले असते, त्यामुळे टोकाचे पहिले एकदोन आटे पूर्ण उंचीचे नसतात. ते दिसतात आट्यांसारखे, पण वजन घेत नाहीत. टोक नटाशी सपाट असेल तर हे अर्धवट आटे नटाच्या आत राहतात आणि नटाच्या वरच्या आट्यांना पकडायला काहीच मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, नटातला सगळ्यात जास्त भार तर वॉशरकडच्या पहिल्या आट्यांवर येतो, वरचे आटे गेले तर काय बिघडते? भाराबद्दलचे हे म्हणणे बरोबर आहे. पण साध्या नटाची उंचीच अशी ठरवलेली असते की जास्त आवळला तर आधी बोल्ट तुटावा, आटे सुटू नयेत. तुटलेला बोल्ट लगेच कळतो. आटे मात्र एकेक करून सोलले जातात आणि नट वरून जागच्या जागी दिसत राहतो. पकडणारे आटे कमी केले की आपण तुटण्याऐवजी सोलले जाण्याच्या बाजूला सरकतो. म्हणून नटाची पूर्ण उंची भरली पाहिजे.

युरोपातल्या स्टीलच्या बांधकामाचे मानक, ईएन १०९०-२, नटाच्या बाहेरच्या तोंडापासून बोल्टच्या टोकापर्यंत किमान एक पिच मागते. मी निवड करताना दोन पिच धरतो, कारण टोकाचा अर्धवट भाग दोन पिचपर्यंत असू शकतो. म्हणजे मानकाचे एक पिच ही लावल्यानंतर पास-नापास करण्याची रेषा, आणि दोन पिच ही बोल्ट मागवतानाची. एम १६ ला दोन पिच म्हणजे ४ मिमी.

नायलॉकच्या बाबतीत तर हे अजून कडक आहे. त्याची नायलॉन रिंग नटाच्या अगदी वरच्या टोकाला असते. बोल्टचे पूर्ण आटे त्या रिंगच्या पार गेले नाहीत तर रिंग बोल्टला धरतच नाही, आणि तुम्ही जास्त पैसे देऊन साधाच नट लावलेला असतो.

आणि जास्तीत जास्त किती? फक्त दिसण्याचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. पण लांब निघालेले आटे गंजतात, त्यावर रंग साचतो, आणि सहा महिन्यांनी नट खोलताना तो त्याच खराब आट्यांवरून वर आणावा लागतो. शिवाय सॉकेट आतून बोल्टच्या टोकाला टेकते आणि नटावर पूर्ण बसत नाही. फिरत्या भागाजवळ असेल तर कपडा किंवा वायर अडकते. माझा स्वतःचा अंदाज: दोन ते पाच आटे बाहेर दिसले की मी खूश असतो.

५. बेरीज करा, आणि वरचे उपलब्ध माप घ्या

लांबी = थर + नट + दोन पिच + लांबीतली सूट

शेवटची गोष्ट नवीन आहे. ६० लिहिलेला बोल्ट बरोबर ६० नसतो. ५० ते ८० मिमीच्या टप्प्यात चांगल्या दर्जाच्या बोल्टलाही ०.६ मिमी कमी-जास्तची मुभा असते. आपल्याला वाईटात वाईट बोल्ट पकडायचा आहे, म्हणून ०.६ जोडायचे.

लांबी कुठून मोजतात हेही इथेच सांगतो. षट्कोनी डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याखालून टोकापर्यंत. पृष्ठभागात बुडणाऱ्या काउंटरसंक डोक्याच्या बोल्टची मात्र डोक्यासकट पूर्ण.

आता आमच्या सांध्याचा इतिहास या बेरजेतून पाहू, कारण तो आकड्यांतच लपला होता.

ड्रॉइंग करणाऱ्याने पॅकिंग नसताना, साधा नट धरून हिशेब केला होता. थर ३८, नट १४.८, दोन पिच ४, सूट ०.६. बेरीज ५७.४, आणि मागवला ६० चा फुल थ्रेड बोल्ट. बिनचूक. बाहेर ७.२ मिमी, म्हणजे साडेतीन आटे.

मग पॅकिंग आले. थर ४१ झाला, बाहेर उरले ४.२ मिमी. अजूनही दोन आटे, म्हणजे तक्रार नाही. मग कुणीतरी म्हणाले, मशीन हादरते आहे, नायलॉक लावा. उंच नायलॉक आला, १९ मिमीचा. ४१ अधिक १९ बरोबर ६०. बोल्टचे टोक नटाशी सपाट, काहींचे तर आत बुडालेले. फिटरच्या ते लक्षात आले, आणि त्याने योग्य मागणी केली: बोल्ट मोठा हवा.

किती मोठा, हे कोणी मोजले नाही. मोजले असते तर: ४१ + १९ + ४ + ०.६ = ६४.६. म्हणजे ६५ चा बोल्ट. तो मिळतो. त्याऐवजी ‘मोठा द्या’ म्हणून ८० चा आला. ‘जास्तच आहे, चालेल.’

६. उलट बाजूने तपासा: गुळगुळीत भाग नटाच्या आड येतो का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळायचो.

बोल्ट दोन प्रकारचे. फुल थ्रेड, म्हणजे जवळजवळ डोक्यापर्यंत आटे. आणि हाफ थ्रेड, म्हणजे डोक्याकडचा काही भाग गुळगुळीत आणि पुढे आटे. ‘हाफ’ नावावर जाऊ नका, ते अर्धे नसतात. आयएसओ ४०१४ प्रकारच्या हाफ थ्रेड बोल्टमध्ये १२५ मिमीपर्यंतच्या लांबीला आट्यांचा भाग व्यासाच्या दुप्पट अधिक ६ मिमी इतका ठरलेला असतो. एम १६ साठी ३८. बोल्ट ७० चा असो वा १२० चा, आटे ३८ मिमीच. लांबी वाढली की वाढतो तो गुळगुळीत भाग.

आमचा ६० चा बोल्ट फुल थ्रेड होता. बदली आलेला ८० चा होता हाफ थ्रेड. ८० वजा ३८, म्हणजे डोक्याखाली ४२ मिमीपर्यंत पूर्ण आटे नाहीत. आणि आमचा थर ४१. नटाला वॉशरवर टेकण्यासाठी जिथे पोचायचे होते तिथे आटेच नव्हते. नट आटे विरत जातात त्या जागेवर येऊन पाचरीसारखा अडकला, एक मिलिमीटर आधी. पाना जड झाला, टॉर्क रेंच टिक झाला. तो टॉर्क नटाने बोल्टच्या मानेशी झगडण्यात खर्च केला, प्लेटा दाबण्यात नाही.

त्यात नायलॉकने फसवणूक पूर्ण केली. साधा नट मोकळा फिरत येऊन अचानक अडला असता तर हाताला शंका आली असती. नायलॉक रिंगमुळे आधीपासूनच जड फिरतो, त्यामुळे हळूहळू जड होत जाणे साहजिकच वाटले.

तेव्हा हाफ थ्रेड बोल्टसाठी दुसरी अट लिहून ठेवा:

थर ≥ लांबी − आट्यांचा भाग + एक पिच

त्या एका पिचचे कारण असे: नटाच्या खालच्या तोंडापाशी आटे विरण्याची जागा सुरू व्हायच्या आधी किमान एक पूर्ण आटा मोकळा शिल्लक पाहिजे. ईएन १०९०-२ साध्या, म्हणजे पूर्वताण न दिलेल्या बोल्टसाठी हेच मागते. ज्या सांध्यांत बोल्ट मुद्दाम ताणून बसवतात तिथल्या बऱ्याच प्रकारांना हेच मानक चार पूर्ण आटे मोकळे मागते, कारण आवळताना बोल्ट मुख्यतः याच मोकळ्या आट्यांच्या भागात ताणला जातो, त्याला जागा लागते. तसले काम असेल तर या लेखावर विसंबू नका, त्या बोल्टचा स्वतःचा तक्ता असतो.

आमच्या ८० च्या बोल्टला लावून पाहा: ८० − ३८ + २ = ४४. थर किमान ४४ हवा. आमचा ४१. नापास.

म्हणजे प्रत्येक हाफ थ्रेड बोल्टला एक खिडकी असते. खालची कड ही अट देते, वरची कड पाचव्या पायरीची बेरीज. ८० च्या एम १६ ला साधा नट लावला तर थर ४४ ते ६० च्या दरम्यान हवा, उंच नायलॉक लावला तर ४४ ते ५६. आमच्या ४१ च्या थराला उंच नायलॉकसह ६५ चालतो, आणि ७० ही चालतो (७० − ३८ + २ = ३४, थर त्याहून जास्त, आणि बाहेर १० मिमी, पाच आटे). ८० चालत नाही. दोन माप वर गेलो आणि पडलो.

फुल थ्रेड ८० असता तर नट नक्कीच वॉशरवर टेकला असता, फक्त बाहेर २० मिमी दांडका दिसला असता. मग नेहमी फुल थ्रेडच का घेऊ नये? पुष्कळ ठिकाणी घेतातही. पण प्लेटा एकमेकींवरून सरकायला बघतात अशा सांध्यात, दोन प्लेटांच्या मधल्या पातळीत आटे नसून भरीव गुळगुळीत शँक असावा असा हिशेब कधी कधी केलेला असतो. आट्यांच्या खाचेपाशी बोल्टचा छेद कमी असतो, हे कारण. ड्रॉइंगवर हाफ थ्रेड लिहिले असेल तर विचारल्याशिवाय फुल थ्रेड घालू नका.

७. लांबी जमत नसेल तर

हवे ते माप नाही, वरचे माप खिडकीत बसत नाही. मग हात आपोआप वॉशरच्या डब्याकडे जातो. एक जादा जाड वॉशर घालून थर खिडकीत आणणे मी वेळ मारून नेण्यापुरते मान्य करतो. चार वॉशरची चळत मात्र नको. प्रत्येक वॉशरबरोबर एक नवा पृष्ठभाग येतो, तो आवळल्यानंतर थोडा थोडा बसत जातो, आणि बसण्याचा प्रत्येक अंश बोल्टच्या ताणातून वजा होतो. आखूड सांध्यात ताणाची शिल्लक मुळातच थोडी असते.

लांब बोल्ट कापणे हा दुसरा उपाय. फुल थ्रेडला तो लागू पडतो: कापण्याआधी एक नट चढवून ठेवा, कापून टोक तासा, मग नट काढा म्हणजे आटे सरळ होतात. कापलेल्या टोकावरचा झिंकचा थर गेला हे ध्यानात असू द्या. हाफ थ्रेडला मात्र कापून काही उपयोग नाही. अडचण टोकाला नसून मानेशी आहे. आमच्याकडे एकाने दोन बोल्ट असे कापले होते. बाहेरून एकदम नीटनेटके दिसत होते, आणि वॉशर त्यांचेही फिरत होते.

८. मागवताना पूर्ण लिहा

‘एम १६ चे लांब बोल्ट’ ही मागणी नाही. माप, लांबी, फुल की हाफ थ्रेड, ग्रेड, कोटिंग. आणि नट वेगळ्या ओळीत, उंचीसकट. आमची दुरुस्तीची चिठ्ठी अशी गेली: ‘षट्कोनी बोल्ट एम १६ × ६५, फुल थ्रेड, ग्रेड ८.८, झिंक, ८ नग. नायलॉक नट एम १६, उंच, १९ मिमी, ८ नग.’

माल आला की एक बोल्ट, एक नट आणि दोन वॉशर घ्या. वॉशर बोल्टवर घाला, नट हाताने जिथवर जातो तिथवर आणा आणि नटाच्या खालच्या तोंडापासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजा. (नायलॉक असेल तर या परीक्षेपुरता साधा नट वापरा.) हे अंतर थरापेक्षा बऱ्यापैकी कमी आले तर ठीक. दोन मिनिटांचे काम आहे आणि ते बाकावर होते, मशीनखाली आडवे पडून करावे लागत नाही.

९. बसवल्यावर काय पाहायचे

आधी बाहेरचे आटे मोजा. एकही पूर्ण आटा दिसत नसेल तर बोल्ट आखूड. सात-आठ दिसत असतील तर थांबा आणि हाफ थ्रेड आहे का ते पाहा. आठही बोल्टांचे आटे सारखे दिसत नसतील, एकाचे दोन आणि शेजारच्याचे पाच, तर तिथे पॅकिंग कमी-जास्त आहे किंवा कुठल्या तरी डोक्याखालचा वॉशर राहिला आहे.

मग वॉशर. आवळलेल्या सांध्यातला वॉशर बोटाने तर सोडाच, स्क्रू ड्रायव्हरने हलकेच ठोकला तरी फिरता कामा नये. फिरला तर नट वॉशरवर टेकलेला नाही, टॉर्क रेंच काहीही म्हणो.

आम्ही आठही बोल्ट काढले. ज्यांचे वॉशर फिरत होते त्या पाचांच्या मानेवर, आटे विरतात तिथे, नटाने खरवडून चकचकीत कडे पाडले होते. बाकीच्या तिघांचे वॉशर केवळ रंगाने चिकटून राहिले होते, कडे त्यांच्याही मानेवर होतेच. नटही सगळे टाकून दिले, कारण त्यांचे खालचे आटे ताणले गेले असणार. ६५ चे बसवले, नटाबाहेर पाच मिलिमीटर आले, अडीच आटे. ८० चे उरलेले बोल्ट चांगले आहेत, फेकायचे कशाला? डब्यावर खडूने लिहून ठेवले आहे: ‘हाफ थ्रेड. साधा नट. थर ४४ ते ६०.’